व्हॅनेडियम फ्लो बॅटरी: साठ सायकलींत पाव क्षमता गेली कुठे?

निळीहिरवी (धागाकर्ती), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. एम.टेक.चा प्रकल्प म्हणून छोटा व्हॅनेडियम फ्लो सेल चालवतेय. डोकं भणभणलंय, म्हणून इथे लिहितेय.

मांडणी अशी. २५ चौरस सेंटिमीटरचा सेल, कार्बन फेल्टचे इलेक्ट्रोड, मध्ये नॅफिऑन २१२ मेंब्रेन. दोन्ही बाजूंना ५० मिली इलेक्ट्रोलाइट, १.६ मोलर व्हॅनेडियम, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये. द्रावण साडेतीन ऑक्सिडेशन स्थितीचं विकत आणलेलं, म्हणजे अर्धं व्हॅनेडियम व्ही-३, अर्धं व्ही-४. २ अँपिअरने चार्ज-डिस्चार्ज, वर १.६५ आणि खाली ०.८ व्होल्टला तोडते. पंप पेरिस्टाल्टिक, एकाच मोटरवर दोन हेड.

पहिल्या सायकलींत १.७२ अँपिअर-तास मिळत होते. चार दिवस अखंड चालवलं, ६० सायकली झाल्या आणि आता १.२८ मिळतात. म्हणजे पाव भाग गेला. कुलॉम्बिक एफिशियन्सी, म्हणजे भरलेल्यातले किती अँपिअर-तास परत मिळतात ती, मात्र पहिल्या दिवशी ९४ टक्के होती, आजही ९४च आहे. व्होल्टेज एफिशियन्सीही जेमतेम एखाद्या टक्क्याने खाली आलीय.

आणखी एक. पॉझिटिव्हची बाटली भरत चाललीय आणि निगेटिव्हची उतरतेय. आज नळ्यांमधलं धरून मोजलं तर ५६ आणि ४४ मिली. थेंबभरही बाहेर सांडलेलं नाही.

गाईड म्हणतात, "क्रॉसओव्हर आहे, मेंब्रेन जाड घे." पण क्रॉसओव्हर तर पहिल्या सायकलीपासून होतंच ना? मग एफिशियन्सी जागच्या जागी राहून क्षमताच का घसरते?

---

लोटेकर, सोमवार रात्री

मेंब्रेनला भोक पडलंय, लिहून ठेव. मी बावीस वर्षं कॉस्टिक प्लांटवर काढली, मेंब्रेन सेलवर. तिथेही हीच जात असते, परफ्लोरो सल्फॉनिक. बसवताना कडेला चिमट्याचा ओरखडा जरी लागला तरी पिनहोल होतं आणि मग इकडचं पाणी तिकडे. एका बाजूची पातळी वाढली की आम्ही दुसरं काही बघतच नसू. सेल उघड, मेंब्रेन उजेडासमोर धर. आणि गाईड म्हणतात ते बरोबर आहे, २१२ म्हणजे कांद्याची साल. ११७ घाल, साडेतीन पट जाड आहे.

---

इन्व्हर्टरकाका, सोमवार रात्री

आमच्याकडे इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी आहे, तिचंही असंच होतं. उन्हाळ्यात दर दीड महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालतो, की पुन्हा चालू. पोरी, निगेटिव्हमध्ये ६ मिली डिस्टिल्ड वॉटर घालून पाहिलंस का? मार्कच्या वर जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं.

---

निळीहिरवी, सोमवार रात्री

काका, तुमच्या बॅटरीतलं पाणी उडून जातं. माझं कुठेच गेलेलं नाही, या बाटलीतून त्या बाटलीत गेलंय. दोन्ही मिळून अजून १०० मिलीच आहे. :)

लोटेकर, उद्या सेल उघडून बघते.

---

दगडफूल, मंगळवार पहाटे

सेल उघडू नका. निदान आज तरी नको, कारण उघडलात की पुरावा गेला.

भोक असतं तर कुलॉम्बिक एफिशियन्सी आधी कोसळली असती. चार्ज केलेलं द्रावण थेट पलीकडे मिसळलं की त्याच सायकलीत अँपिअर-तास बुडतात. तुमची ९४वर ठाम आहे, म्हणजे मेंब्रेन पहिल्या दिवशी होती तशीच आहे. २१२ला इतकी गळती असतेच.

तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे आणि तो चांगला आहे. ते ६ टक्के ही येरझार आहे. निगेटिव्हकडून व्ही-२ आणि व्ही-३ पलीकडे जातात, पॉझिटिव्हकडून व्ही-४ आणि व्ही-५ अलीकडे येतात. पोचल्या पोचल्या समोरच्याशी रिॲक्ट होऊन त्या बाजूचे होऊन जातात. त्यात चार्ज फुकट जातो, पण पुढच्या चार्जिंगला चार्जर तो भरून देतो. त्यामुळे दर सायकलीला तेवढाच तोटा होतो, आणि तो साचत नाही.

साचतो तो येरझारीतला फरक. नॅफिऑनमधून व्ही-२ सगळ्यांत चपळ जातो, व्ही-३ सगळ्यांत मंद, बाकीचे दोन अधेमधे. शिवाय पाणी आणि प्रोटॉन जाता-येता आपल्याबरोबर थोडं ओढून नेतात. जाणारे आणि येणारे तंतोतंत सारखे होत नाहीत. धन आयनांच्या मेंब्रेनला बहुतेक वेळा शिल्लक पॉझिटिव्हकडे पडते, व्हॅनेडियमचीही आणि पाण्याचीही. ॲनायन मेंब्रेन लावली तर पाणी उलट्या दिशेने चालतं. प्रत्येक सायकलीची शिल्लक चिमूटभर असते, पण ती परत येत नाही.

मला आकडे हवेत. सेल पूर्ण डिस्चार्ज करा, ०.८ व्होल्टवर धरून ठेवा, करंट जवळपास शून्य होईपर्यंत. मग दोन्ही बाजूंचा नमुना काढून एकूण व्हॅनेडियम आणि ते कुठल्या अवस्थेत आहे ते टायट्रेट करा. नुसती पातळी पाहून काही सांगता येत नाही. पाणी गेलं की व्हॅनेडियम गेलं, हे पातळीला कळत नसतं.

---

ब्युरेटबाई, मंगळवार सकाळी

टायट्रेशनचा विषय निघाला म्हणून आले. निगेटिव्हचा नमुना उघड्या बीकरमध्ये घेऊन परमँगनेट घालत बसू नकोस. व्ही-२ला हवा क्षणभर पुरते. तू ब्युरेट भरेपर्यंत तो व्ही-३ झालेला असेल आणि तुझं उत्तर साफ चुकेल. सिरिंजने १ मिली काढ आणि थेट माहीत असलेल्या, जास्तीच्या व्ही-५च्या द्रावणात सोड. व्ही-२ असो की व्ही-३, तिथेच ऑक्सिडाइज होऊन व्ही-४ होईल, आणि व्ही-४ला हवेची भीती नाही. मग सावकाश परमँगनेटने पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन कर. सगळं व्ही-५ झालं की त्याच बीकरमध्ये फेरस अमोनियम सल्फेटने परत व्ही-४पर्यंत उतरव, आधी घातलेलं वजा कर, एकूण व्हॅनेडियम हातात येईल.

आमच्याकडे दोन मुलांनी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर केलं होतं. पॉझिटिव्हमध्ये व्ही-४ आणि व्ही-५ एकत्र असले की त्यांचा एक काळाकुट्ट कॉम्प्लेक्स होतो आणि बीअरचा नियम सरळ राहत नाही. ते नाद सोड.

---

अडाणी_प्रश्न, मंगळवार दुपारी

रसायनातला नाही, वाचायला आलो. एक शंका. एवढी मिसळामिसळ होते हे माहीत असताना दोन्ही बाजूंना एकच धातू ठेवायचा कशाला? वेगवेगळे ठेवले तर निदान कळेल तरी कोण कुठे गेलं.

---

दगडफूल, मंगळवार दुपारी

उलट आहे, एकच धातू त्यासाठीच ठेवलाय. १९७०च्या दशकात नासाने लोखंड-क्रोमियमच्या फ्लो बॅटरीवर बरंच काम केलं. तिथे लोखंड क्रोमियममध्ये गेलं की ती भेसळ. ती वेगळी काढायची तर रासायनिक कारखानाच लागेल. १९८०च्या दशकात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस यांच्या गटाने दोन्हीकडे व्हॅनेडियम घेतलं. आता पलीकडे गेलेला आयन भेसळ नाही. वाट चुकलेला घरचाच माणूस आहे, हाताला धरून परत आणता येतो. ती आणण्याची क्रिया म्हणजेच रीबॅलन्सिंग.

---

निळीहिरवी, बुधवार रात्री

केलं! ब्युरेटबाई, तुमच्या पद्धतीने दोन्ही नमुने तीन-तीनदा केले, आकडे जुळले.

पॉझिटिव्ह: ५६ मिली, १.६४ मोलर, सगळं व्ही-४.
निगेटिव्ह: ४४ मिली, १.५५ मोलर. पण हे सगळं व्ही-३ नाही! आठातला एक भाग अजून व्ही-२ आहे. थेंब पातळ करून पाहिला तर स्वच्छ हिरवा दिसायच्या ऐवजी राखाडी-निळसर दिसतो.

सेल तर पूर्ण रिकामा केला होता, रात्रभर धरून. मग निगेटिव्हमध्ये चार्ज उरला कसा? आणि एवढंच व्हॅनेडियम कमी झालं असेल तर क्षमता पंधरा टक्क्यांनी पडायला हवी, माझी पंचवीसने पडलीय. ११.८ मिलिमोल गेले ना ८० पैकी?

---

लोटेकर, बुधवार रात्री

म्हणजे भोक नाही तर. ठीक, माघार. पण जाड मेंब्रेनचं मी म्हटलं ते राहतंच.

---

दगडफूल, गुरुवार सकाळी

सुंदर आकडे आहेत. आता वहीत मांडू. सगळं मिलिमोलमध्ये.

सुरुवातीला दोन्हीकडे ८०-८०. आता पॉझिटिव्हकडे ९१.८, निगेटिव्हकडे ६८.२. बेरीज १६०, म्हणजे व्हॅनेडियम कुठे हरवलेलं नाही, गाळ बसलेला नाही. ११.८ इकडून तिकडे गेलं, हे तुमचं बरोबर. पण एक मिलिमोल गेलं की एकाचा तोटा होत नाही, दोनाचा होतो. निगेटिव्हमधून एक व्ही-२ पलीकडे गेला की तिथे काय होतं बघा:

```
V²⁺ + 2VO₂⁺ + 2H⁺ → 3VO²⁺ + H₂O
```

निगेटिव्हचा एक चार्ज गेला, पॉझिटिव्हचे मात्र दोन खाली उतरले. म्हणजे आता पॉझिटिव्ह निगेटिव्हपेक्षा एकाने मागे आहे. डिस्चार्ज करताना पॉझिटिव्ह आधी रिकामा होतो आणि निगेटिव्हमध्ये एक व्ही-२ वापराविना पडून राहतो. हा पहिला तोटा. चार्ज करताना निगेटिव्हमध्ये व्हॅनेडियमच एकाने कमी आहे, म्हणून तो आधी भरतो आणि पॉझिटिव्हमध्ये जागा रिकामी राहते. हा दुसरा. व्ही-२ऐवजी व्ही-३ गेला असता तरी हिशेब इथेच येतो, करून पाहा.

म्हणून नुसत्या क्रॉसओव्हरने तुमची सैद्धान्तिक क्षमता ८० वरून ८० वजा दोनदा ११.८, म्हणजे ५६.४ व्हायला हवी होती. ती सत्तर टक्के झाली. आणि तुमच्या निगेटिव्हमध्ये वापराविना पडलेला व्ही-२ असायला हवा होता ११.८.

पण तुम्हाला सापडला ६८.२चा साधारण आठवा भाग, म्हणजे ८.६. क्षमता ६८.२ वजा ८.६, म्हणजे ५९.६. ८०च्या तुलनेत साडेचौऱ्याहत्तर टक्के. तुमचं १.७२ वरून १.२८ म्हणजेही साडेचौऱ्याहत्तरच.

मग ११.८ आणि ८.६ यांच्यातले ३.२ गेले कुठे? ते हवेने खाल्ले.

---

निळीहिरवी, गुरुवार सकाळी

थांबा. हवेने खाल्ले, तर क्षमता आणखी कमी व्हायला हवी. तुमच्या हिशेबात ती सत्तर वरून साडेचौऱ्याहत्तर होते, म्हणजे वाढते?

---

दगडफूल, गुरुवार दुपारी

हो, आणि इथेच लोक फसतात. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि ते एकमेकांना झाकतायत.

पहिल्या आजारात व्हॅनेडियमची वाटणी बिघडते. दोन्ही बाटल्या मिळून सरासरी ऑक्सिडेशन स्थिती साडेतीनच राहते, कारण मेंब्रेन ओलांडताना इलेक्ट्रॉन बाहेर जात नाहीत, घरातल्या घरात फिरतात. दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच घराबाहेर जातात. निगेटिव्हच्या बाटलीत ऑक्सिजन शिरला की व्ही-२चा व्ही-३ होतो, किंवा जास्त चार्ज झालं की निगेटिव्हवर हायड्रोजन सुटतो. पॉझिटिव्हकडे त्याची भरपाई होत नाही, म्हणून सरासरी साडेतीनच्या वर चढते.

तुमची सरासरी काढा: ९१.८ गुणिले ४, अधिक ६८.२ गुणिले ३, वजा ८.६, भागिले १६०. येते ३.५२. पहिल्या आजाराने निगेटिव्हमध्ये बिनकामाचा चार्ज साठला होता आणि हवेने नेमका तोच खाल्ला. म्हणून आत्ता नुकसान दिसत नाही, उलट फायदाच दिसतो. वाटणी दुरुस्त कराल तेव्हा दिसेल.

३.२ मिलिमोल इलेक्ट्रॉन म्हणजे ०.८ मिलिमोल ऑक्सिजन. खोलीच्या तापमानाला सुमारे २० मिली, आणि हवा धरली तर ९५ मिली. चहाचा एक कप हवा, चार दिवसांत. बाटली बंद होती ना? नायट्रोजन चालू होता? नळ्या कसल्या आहेत?

---

निळीहिरवी, गुरुवार दुपारी

सुरू करताना पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडला, मग बूच घट्ट. नळ्या सिलिकॉनच्या, पंपाबरोबर आलेल्या.

---

दगडफूल, गुरुवार दुपारी

मग बुचाचा दोष नाही. सिलिकॉन रबरातून ऑक्सिजन असा जातो जणू नळी नाहीच. पंपाच्या हेडमध्ये ती सतत दाबली जाते, भिंत पातळ आणि द्रावण अखंड वाहतंय. पंपात बसणारी कमी झिरपणारी नळी घ्या, बाकी सगळीकडे टेफ्लॉन घाला आणि नायट्रोजन बाटलीच्या वरच्या जागेत सतत मंद चालू ठेवा.

---

ब्युरेटबाई, गुरुवार संध्याकाळी

कपभर हवा! उद्या वर्गात सांगणार हे. मुलं 'इनर्ट ॲटमॉस्फिअर' लिहितात आणि फुगा लावून मोकळी होतात.

---

इन्व्हर्टरकाका, गुरुवार संध्याकाळी

मग दोन्ही बाटल्या एका भांड्यात ओतून ढवळायच्या आणि निम्म्या निम्म्या करायच्या, एवढंच ना? मेंब्रेन कशाला बदलायची.

---

लोटेकर, गुरुवार संध्याकाळी

काका या वेळी मुद्द्याचं बोलले. :) मीही तेच म्हणणार होतो, मिसळा की शंभर टक्के परत.

---

निळीहिरवी, शनिवार

मिसळलं. काकांच्या पद्धतीने, दोन्ही डिस्चार्ज करून, नायट्रोजनखाली एका भांड्यात, मग ५०-५०.

पहिलं चार्जिंग बघून घाबरले. संपतच नव्हतं, नेहमीच्या जवळपास दीडपट अँपिअर-तास घेतले आणि डिस्चार्जला त्यातले दोन तृतीयांशही परत आले नाहीत. वाटलं, सेल गेला. दुसऱ्या सायकलीपासून नीट. क्षमता १.६५. म्हणजे ९६ टक्के, शंभर नाही.

---

दगडफूल, शनिवार रात्री

घाबरायचं कारण नव्हतं, पण मी आधी सांगायला हवं होतं. व्ही-३ आणि व्ही-४ एकत्र केलेत म्हणजे तुम्ही पुन्हा साडेतीनचं विकतचं द्रावण तयार केलंत. त्यातून एका बाजूला सगळं व्ही-४ आणि दुसरीला सगळं व्ही-३ करायला पहिल्या चार्जिंगमध्ये क्षमतेच्या निम्मा जास्तीचा चार्ज जातो. तो परत मिळत नसतो. अगदी पहिल्या दिवशीही तुम्ही तो भरला होता, फक्त तेव्हा लक्ष गेलं नसेल.

९६ का, तर सरासरी ३.५२ मिसळल्याने बदलत नाही. दोन्हीकडे ८०, पण पॉझिटिव्ह ३.२ने पुढे. ७६.८ भागिले ८०, म्हणजे ९६. हवेने खाल्लेलं आत्ता दिसलं.

गंमत सांगतो. पूर्ण न मिसळता, डिस्चार्ज झाल्यावर पॉझिटिव्हमधले फक्त ६ मिली सिरिंजने काढून निगेटिव्हमध्ये टाकले असते, तर क्षमता साडेसत्त्याण्णव टक्के झाली असती, आणि तो दीडपट चार्जही लागला नसता. ६ मिलीत जवळपास १० मिलिमोल व्ही-४ गेला असता. त्याने तिथला बिनकामाचा व्ही-२ संपवला असता आणि वाटणी ८२ आणि ७८ अशी झाली असती. थोडी वाकडी वाटणी आणि थोडी चढलेली सरासरी एकमेकांना सांभाळून घेतात. मोठ्या बॅटरीत म्हणूनच दोन टाक्यांना जोडणारी नळी ठेवतात. पातळी चढली की तेवढंच परत जातं, सगळं ढवळत बसत नाहीत.

उरलेल्या चार टक्क्यांना मिसळणं उपयोगाचं नाही, इलेक्ट्रॉन परत द्यावे लागतात. तुमच्या मापाला ऑक्झॅलिक ॲसिड पुरे. एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे १.६ मिलिमोल, म्हणजे साध्या स्फटिकांचे ०.२ ग्रॅम. थोडं चार्ज करून पॉझिटिव्हमध्ये व्ही-५ तयार झाला की त्यातच घाला. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतील, बूच सैल ठेवा. हळू होतं म्हणून गरम करायचा मोह होईल, तो आवरा. चार्ज झालेला पॉझिटिव्ह चाळिशीच्या वर तापला की व्ही-५चा गाळ बसायला लागतो, आणि फेल्टमध्ये बसलेला गाळ काढणं म्हणजे शिक्षा. आणि अंदाजे चमचाभर घालू नका. जास्त झालं तर सरासरी साडेतीनच्या खाली जाते आणि तोच आजार उलटा होतो.

---

अडाणी_प्रश्न, शनिवार रात्री

म्हणजे मोठ्या टाकीतही पोतं घेऊन ऑक्झॅलिक ओतत बसतात?

---

दगडफूल, रविवार

ओततातही, पण पर्याय आहे. वेगळा छोटा सेल ठेवतात. त्यात एका बाजूला पाण्यातून ऑक्सिजन सोडतात आणि दुसरीकडे व्हॅनेडियम खाली उतरवतात. म्हणजे हवेने नेलेले इलेक्ट्रॉन पाण्याकडून वसूल. वीज लागते, पण टाकीत काही साचत नाही.

---

लोटेकर, रविवार

माझा ११७चा मुद्दा कोणी घेतच नाही. येरझार कमी झाली की फरकही कमी होणार, बरोबर की नाही?

आणि दुसरं. आमच्या सेलमध्ये दोन बाजूंच्या दाबातला फरक आम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळायचो. मेंब्रेन एका बाजूला दाबलेली राहिली की द्रावण ढकललं जातंच. तुमच्या मॅडमच्या पंपाचे दोन्ही हेड एकाच वेगाने, पण दोन्ही द्रावणं सारखी पातळ आहेत का?

---

दगडफूल, रविवार

११७ने कमी होईल हे खरं. फक्त सेलचा रेझिस्टन्स वाढेल, २ अँपिअरला व्होल्टेज एफिशियन्सीत ते भरावं लागेल. घसरण साठऐवजी कितीशे सायकलींनी दिसेल एवढाच फरक, थांबणार नाही.

दाबाचा मुद्दा मात्र लाखमोलाचा, आणि मी तो विचारायला विसरलो. व्ही-२, व्ही-३चं द्रावण पॉझिटिव्हपेक्षा घट्ट असतं. त्याच वेगाने ढकललं की फेल्टमधून जाताना निगेटिव्हकडे दाब जास्त पडतो आणि द्रावण जसंच्या तसं पॉझिटिव्हकडे झिरपतं. पातळ मेंब्रेनला हे जास्त जाणवतं. निळीहिरवींच्या १२ मिली फरकातलं किती डिफ्यूजनने गेलं आणि किती दाबाने, हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

---

निळीहिरवी, पुढच्या शुक्रवारी

हजर. ०.२ ग्रॅम ऑक्झॅलिक वजन करून घातलं. दुपारभर बारीक बुडबुडे येत होते, संध्याकाळी थांबले. क्षमता १.७१ झाली.

मग नळ्या बदलल्या, नायट्रोजन सतत ठेवला, आणि लोटेकरांचं ऐकून निगेटिव्हचा वेग थोडा उतरवला (त्यासाठी दुसरा पंप शेजारच्या लॅबमधून उसना आणला). २० सायकली झाल्या. मागच्या हिशेबाने पॉझिटिव्ह २ मिली चढायला हवा होता, अर्धाच मिली चढला. क्षमता १.६७.

---

लोटेकर, शुक्रवार

दाबच होता. :)

---

ब्युरेटबाई, शुक्रवार

नळ्या बदलल्या, पंप बदलला, वेग बदलला, सगळं एकाच दिवशी. आता दीड मिली कुणामुळे वाचला ते कोण सांगणार? नवीन नळीचा आतला व्यास तोच आहे का, हे तरी मोजलंस?

---

निळीहिरवी, शुक्रवार रात्री

नाही मोजला. :( नवीन नळीचा व्यास थोडा कमी वाटतोय, म्हणजे पॉझिटिव्हचा प्रवाहही नकळत उतरला असणार. उद्या दोन्ही बाजूंचा प्रवाह मोजपात्रात धरून बघते आणि जुना वेग लावून पुन्हा २० सायकली चालवते, या वेळी फक्त नळ्या नव्या.

---

इन्व्हर्टरकाका, शनिवार

आणि माझ्या बॅटरीत पाणी घालत राहू ना?

---

दगडफूल, शनिवार

काका, घाला. मार्कपर्यंतच.